दहावी विज्ञान भाग १ : आवर्तसारणी आणि आवर्ती कल, पोरं सारखे विचारतात ते प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या पोरांचे या धड्यावरचे मेसेज दरवर्षी तेच असतात, चोपड्याचा मुलगा जे विचारतो तेच शिरपूरची मुलगी विचारते, म्हणून एकदाच सगळं इथं लिहून ठेवलंय. सोपं आधी आहे, अवघड मागे. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तर तिकडचा नंबर दिलाय. पाठांतर कमी करायचं असेल तर प्रश्न ५ आणि ६ नीट वाचा, बाकी निम्मा धडा त्यातूनच निघतो.

१. सर, गण कोणता आणि आवर्त कोणतं यातच गोंधळ होतो, सारणीत नेमकं काय कुठं आहे?

आडव्या ओळी म्हणजे आवर्त, त्या ७ आहेत. उभे स्तंभ म्हणजे गण, ते १८ आहेत. मूलद्रव्यं अणुअंकाच्या चढत्या क्रमाने मांडलीत, १ पासून ११८ पर्यंत, मध्ये एकही रिकामी जागा नाही. खाली दोन ओळी वेगळ्या काढलेल्या दिसतात ना, त्या लँथॅनाइड आणि अ‍ॅक्टिनाइडच्या, प्रत्येकी १४ मूलद्रव्यांच्या, आणि त्या वेगळ्या आवर्तातल्या नाहीत बरं का, त्या ६ व्या आणि ७ व्या आवर्तातल्याच आहेत, फक्त तक्ता फार रुंद होऊ नये म्हणून खाली काढल्या. खंड चार आहेत: गण १ आणि २ हा एस-खंड, गण १३ ते १८ हा पी-खंड, मधले गण ३ ते १२ हा डी-खंड म्हणजे संक्रमण मूलद्रव्यं, आणि खालच्या दोन ओळी म्हणजे एफ-खंड. हेलिअम तेवढा अपवाद, तो बसतो गण १८ मध्ये पण मोजतात त्याला एस-खंडात.

लक्षात एवढंच ठेवा की आवर्ताचा नंबर सांगतो अणूत किती कवचं वापरात आहेत, आणि गण सांगतो बाहेरच्या कवचात किती इलेक्ट्रॉन आहेत. पुढचं सगळं या एका वाक्यावर चालतं.

२. मेंडेलीव्हने अणुवस्तुमान घेतलं होतं, मग ते सोडून अणुअंक का घेतला?

मेंडेलीव्हने १८६९ मध्ये सारणी मांडली तेव्हा ६३ मूलद्रव्यं माहीत होती आणि प्रोटॉन नावाची गोष्ट कुणाला माहीत नव्हती, त्यामुळे त्याच्या हातात अणुवस्तुमानच होतं. पण काही ठिकाणी तो क्रम फसतो. कोबाल्ट ५८.९३ आणि निकेल ५८.६९, म्हणजे वस्तुमानाने निकेल आधी यायला पाहिजे, पण गुणधर्म बघितले तर कोबाल्टची जागा आधी. नंतर अरगॉन सापडला तिथंही तसंच झालं, अरगॉन ३९.९५ आणि पोटॅशिअम ३९.१०. वस्तुमानाने लावलं तर पोटॅशिअमसारखा पाण्यात टाकताच पेट घेणारा धातू निष्क्रिय वायूंच्या रांगेत जाऊन बसतो, आणि अरगॉन सोडिअमच्या खाली.

१९१३ मध्ये हेन्री मोस्ले या इंग्रज शास्त्रज्ञाने क्ष-किरण नळीचे प्रयोग करून दाखवलं की मूलद्रव्याची खरी ओळख म्हणजे त्याच्या केंद्रकावरचा धनप्रभार, म्हणजे अणुअंक. अणुअंक लावला की कोबाल्ट २७, निकेल २८, अरगॉन १८, पोटॅशिअम १९, सगळे आपापल्या जागी बसतात. समस्थानिकांचा घोळही त्यातच मिटला. क्लोरीनचे Cl-35 आणि Cl-37 असे दोन आहेत, वस्तुमान वेगळं म्हणून दोन घरं द्यायची का हा प्रश्न पडायचा. दोघांचा अणुअंक १७ आहे, त्यामुळे घर एकच.

मेंडेलीव्हला कमी लेखू नका हं. त्याने अ‍ॅल्युमिनिअमच्या खाली जागा रिकामी ठेवून तिला एका-अ‍ॅल्युमिनिअम नाव दिलं आणि त्याची घनता ५.९ च्या आसपास असेल असं आधीच लिहून ठेवलं. १८७५ मध्ये फ्रान्समध्ये गॅलिअम सापडला, शोधणाऱ्याने घनता मोजली ती आली ४.७. मेंडेलीव्हने, त्या धातूचा तुकडाही न बघता, कळवलं की नमुना शुद्ध करून परत मोजा. परत मोजली तर ५.९ आली. परीक्षेत मेंडेलीव्हचे गुण लिहायला सांगितले तर ‘रिकाम्या जागा सोडल्या’ एवढ्यावर थांबू नका, त्या जागांसाठी गुणधर्मांचं भाकीत केलं आणि ते खरं निघालं हेही लिहा, उदाहरण एक तरी द्या.

३. इलेक्ट्रॉन संरूपण दिलंय, त्यावरून गण आणि आवर्त कसं काढायचं?

समजा २, ८, ७ दिलंय. आकडे किती? तीन. म्हणजे कवचं तीन, आवर्त ३. शेवटचा आकडा ७, म्हणजे संयुजा इलेक्ट्रॉन ७. आता गण काढायला नियम असा की शेवटचा आकडा १ किंवा २ असेल तर तोच गण, ३ ते ८ असेल तर त्यात १० मिळवायचे. ७ अधिक १० म्हणजे गण १७. बेरीज केली तर २+८+७ = १७, अणुअंक १७, क्लोरीन. इथं अणुअंक आणि गण दोन्ही १७ आले हा योगायोग आहे, त्यावरून ‘अणुअंक म्हणजेच गण’ असं समजणारे दरवर्षी दोनचार निघतात. २, ८, ३ करून बघा: आवर्त ३, गण १३, अणुअंक १३, परत तसंच. म्हणून मुद्दाम २, ५ घ्या: आवर्त २, गण १५, अणुअंक ७, नायट्रोजन. आता फरक दिसला.

ते १० मिळवायचे कारण मधले दहा गण, ३ ते १२, हे डी-खंडाचे आहेत, दुसऱ्या-तिसऱ्या आवर्तात तिथं कुणीच नाही, पण गणांचे नंबर मात्र सलग दिलेत.

हेलिअमचं संरूपण फक्त २ आहे, नियमाने गण २ यायला पाहिजे, पण त्याचं कवच तेवढ्यात पूर्ण भरतं आणि तो कुणाशी संयोग करत नाही म्हणून गण १८. अणुअंक २० च्या पुढे ही युक्ती डोळे मिटून वापरू नका, कारण प्रश्न ४ मध्ये आहे.

४. तिसऱ्या कवचात १८ इलेक्ट्रॉन मावतात, मग तिसऱ्या आवर्तात आठच मूलद्रव्यं का?

शास्त्रीय कारणं द्या मध्ये हा हमखास येतो आणि भलेभले यात अडकतात. कवचाची धारकता 2n² या सूत्राने येते: पहिलं २, दुसरं ८, तिसरं १८. हे खरंच आहे. पण आवर्त संपतं ते कवच धारकतेइतकं भरल्यावर नाही, बाहेरच्या कवचात अष्टक पूर्ण झाल्यावर संपतं. तिसऱ्या आवर्तात सोडिअम २, ८, १ पासून सुरुवात होते आणि अरगॉनला २, ८, ८ होतं. अष्टक पूर्ण झालं. तिसऱ्या कवचात अजून दहा जागा शिल्लक आहेत, पण पुढचा इलेक्ट्रॉन तिथं न जाता चौथ्या कवचात जातो, कारण तिथं जाणं त्याला ऊर्जेच्या दृष्टीने स्वस्त पडतं. म्हणून पोटॅशिअम २, ८, ८, १ आणि कॅल्शिअम २, ८, ८, २. चौथं कवच उघडलं म्हणजे चौथं आवर्त सुरू.

मग त्या दहा जागांचं काय? त्या नंतर भरतात. कॅल्शिअमच्या पुढे स्कँडिअम २१ पासून जस्त ३० पर्यंत जी दहा मूलद्रव्यं आहेत, त्यांच्यात नवीन इलेक्ट्रॉन आतल्या तिसऱ्या कवचात जाऊन बसतात. स्कँडिअमचं संरूपण २, ८, ९, २ होतं. म्हणून चौथ्या आवर्तात ८ नाही तर १८ मूलद्रव्यं आहेत. आणि म्हणूनच शेवटचा आकडा बघून गण काढायची युक्ती इथं चालत नाही, स्कँडिअमचा शेवटचा आकडा २ आहे पण गण ३ आहे.

पडताळा म्हणून सातही आवर्तांची संख्या बघा: २, ८, ८, १८, १८, ३२, ३२. बेरीज ११८ आली पाहिजे.

पेपरात दोन मार्कांना एवढं लिहायची गरज नाही. अरगॉनला अष्टक पूर्ण होतं, पुढचा इलेक्ट्रॉन चौथ्या कवचात जातो, म्हणून तिसरं आवर्त आठ मूलद्रव्यांत संपतं, आणि अरगॉन-पोटॅशिअमचं संरूपण. बस.

५. डावीकडून उजवीकडे इलेक्ट्रॉन वाढत जातात तरी अणू लहान का होत जातो? उलट मोठा व्हायला पाहिजे ना?

शंका एकदम बरोबर आहे, आणि जो ही शंका विचारतो त्याला धडा कळायला लागलाय असं मी समजतो. आधी आकडे बघू. तिसऱ्या आवर्तात अणुत्रिज्या, पिकोमीटरमध्ये: सोडिअम १८६, मॅग्नेशिअम १६०, अ‍ॅल्युमिनिअम १४३, सिलिकॉन ११८, फॉस्फरस ११०, गंधक १०४, क्लोरीन ९९. सोडिअमपासून क्लोरीनपर्यंत त्रिज्या जवळजवळ निम्मी झाली.

आता अणूचा आकार ठरतो दोनच गोष्टींनी. एक, कवचं किती आहेत. दोन, केंद्रक बाहेरच्या इलेक्ट्रॉनना किती जोरात ओढतंय. सोडिअमला कवचं तीन आणि क्लोरीनलाही तीनच, म्हणजे पहिल्या गोष्टीत बदल शून्य. बदल झाला तो दुसरीत: सोडिअमच्या केंद्रकात प्रोटॉन ११, क्लोरीनच्या १७. आतल्या दोन कवचातले २ आणि ८ असे दहा इलेक्ट्रॉन दोघांमध्ये सारखेच आहेत, ते केंद्रकाची ओढ अडवतात. साधा हिशोब केला तर सोडिअमच्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनला ११ वजा १० म्हणजे साधारण १ धनप्रभाराची ओढ लागते आणि क्लोरीनच्या प्रत्येक बाहेरच्या इलेक्ट्रॉनला १७ वजा १० म्हणजे साधारण ७ ची. हा हिशोब ढोबळ आहे, एकाच कवचातले इलेक्ट्रॉन पण एकमेकांना थोडं अडवतात त्यामुळे खरी ओढ ७ पेक्षा कमी भरते, पण कल समजायला पुरेसा आहे. नवीन इलेक्ट्रॉन आले ते त्याच कवचात आले, नवीन कवच उघडलं नाही, आणि ओढ मात्र वाढली, म्हणून सगळं कवच आत ओढलं गेलं.

आता मार्क कुठं जातात ते सांगतो. पोरं लिहितात ‘अणुअंक वाढतो म्हणून आकार कमी होतो’. हे अर्धं उत्तर आहे, कारण गणात खाली जाताना पण अणुअंक वाढतोच की, तिथं आकार का वाढतो मग? उत्तरात तीन गोष्टी पाहिजेतच: नवीन इलेक्ट्रॉन त्याच बाह्यतम कवचात जातात, केंद्रकावरचा धनप्रभार एकेकाने वाढतो, आणि त्यामुळे इलेक्ट्रॉन केंद्रकाकडे जास्त ओढले जाऊन अणुत्रिज्या कमी होते. पहिली गोष्ट गाळली की कारण लंगडं.

६. गणात वरून खाली पण केंद्रकाचा धनप्रभार वाढतो, मग तिथं अणू का मोठा होतो?

कारण तिथं कवचं वाढतात. पहिल्या गणाचे आकडे: लिथिअम १५२, सोडिअम १८६, पोटॅशिअम २३१, रुबिडिअम २४४, सीझिअम २६२. लिथिअमला २ कवचं, सीझिअमला ६. बाहेरचा इलेक्ट्रॉन प्रत्येक पायरीला एक कवच लांब गेला, आणि वर आतल्या कवचातले इलेक्ट्रॉन ओढ अडवायला वाढले. प्रश्न ५ मधला हिशोब इथं लावून बघा: लिथिअम ३ वजा २ म्हणजे १, सोडिअम ११ वजा १० म्हणजे १, पोटॅशिअम १९ वजा १८ म्हणजे १. बाहेरच्या इलेक्ट्रॉनपर्यंत पोचणारी ओढ साधारण तेवढीच राहिली आणि अंतर वाढलं. हे एकदा कळलं की आवर्तातला आणि गणातला कल एकमेकांच्या विरुद्ध का आहे हे पाठ करायची गरज उरत नाही.

त्रिज्या वाढते पण सारख्या अंतराने वाढत नाही हेही बघून घ्या, सोडिअम ते पोटॅशिअम ४५ ने आणि पोटॅशिअम ते रुबिडिअम फक्त १३ ने. ‘समान वाढते’ असं काही लिहू नका.

७. चार-पाच मूलद्रव्यं देऊन आकाराचा चढता क्रम लावायला सांगतात तेव्हा सुरुवात कुठून करायची?

एक करून दाखवतो. पोटॅशिअम, क्लोरीन, मॅग्नेशिअम, सोडिअम, अ‍ॅल्युमिनिअम. आधी प्रत्येकाचं संरूपण लिहा, डोक्यात नको, कागदावर. पोटॅशिअम २, ८, ८, १. क्लोरीन २, ८, ७. मॅग्नेशिअम २, ८, २. सोडिअम २, ८, १. अ‍ॅल्युमिनिअम २, ८, ३. चार जणांना तीन कवचं आहेत, म्हणजे तिसरं आवर्त, पोटॅशिअम एकटा चौथ्यातला. तिसऱ्या आवर्तातले आधी लावा, सगळ्यात उजवीकडचा सगळ्यात लहान: क्लोरीन, अ‍ॅल्युमिनिअम, मॅग्नेशिअम, सोडिअम. पोटॅशिअम सोडिअमच्या बरोबर खाली, त्याच गणात, म्हणजे त्याच्याहून मोठा. झालं: क्लोरीन < अ‍ॅल्युमिनिअम < मॅग्नेशिअम < सोडिअम < पोटॅशिअम.

इथं सोडिअमने पुलाचं काम केलं, तो तिसऱ्या आवर्तात पण आहे आणि पोटॅशिअमच्या गणात पण. पूल नसेल तर जपून. उदाहरणार्थ लिथिअम आणि मॅग्नेशिअम, यात मोठा कोण? लिथिअमहून मॅग्नेशिअमला जायला एक पाऊल खाली म्हणजे आकार वाढणार, एक पाऊल उजवीकडे म्हणजे आकार घटणार. दोन कल एकमेकांविरुद्ध, नुसत्या नियमाने ठरत नाही. आकडे १५२ आणि १६०, अगदी जवळ. अशी तिरकस जोडी आली तर प्रश्नात त्रिज्या दिल्यात का ते बघा, बऱ्याचदा दिलेल्या असतात आणि पोरं त्या न बघताच क्रम लावतात.

८. धातूपणा, विद्युतधनता, विद्युतऋणता हे तीन वेगळे कल पाठ करायचे का?

नाही, एकच गोष्ट आहे, तीन बाजूंनी बघितलेली. धातू म्हणजे जो बाहेरचा इलेक्ट्रॉन देऊन टाकतो, इलेक्ट्रॉन द्यायची ही प्रवृत्ती म्हणजे विद्युतधनता. अधातू इलेक्ट्रॉन घेतो, घ्यायची प्रवृत्ती म्हणजे विद्युतऋणता. आता प्रश्न ५ आणि ६ आठवा. अणू मोठा आणि ओढ कमी असेल तर इलेक्ट्रॉन सहज सुटतो, म्हणजे धातूपणा जास्त. अणू लहान आणि ओढ जबर असेल तर इलेक्ट्रॉन सुटत नाही, उलट बाहेरचा एखादा खेचला जातो. म्हणून आवर्तात डावीकडून उजवीकडे धातूपणा कमी आणि अधातूपणा जास्त, गणात वरून खाली धातूपणा जास्त.

तिसऱ्या आवर्तातली ऑक्साइडं बघितली की हा कल डोळ्याला दिसतो. Na₂O आणि MgO आम्लारिधर्मी, Al₂O₃ उभयधर्मी म्हणजे आम्लाशीही अभिक्रिया करतो आणि आम्लारीशीही, आणि सिलिकॉनपासून पुढची SiO₂, P₂O₅, SO₃ ही आम्लधर्मी. सोडिअम, मॅग्नेशिअम, अ‍ॅल्युमिनिअम धातू, फॉस्फरस, गंधक, क्लोरीन अधातू, आणि सीमेवर सिलिकॉन, धातुसदृश. सारणीत पी-खंडात जी नागमोडी रेषा दिसते तिला लागून हे धातुसदृश बसलेत. पण रेषेला लागून आहे म्हणून प्रत्येक जण धातुसदृश असं नाही, अ‍ॅल्युमिनिअम रेषेजवळ आहे तरी तो धातूच.

आपल्या रावेर-यावलकडे केळीला पोटॅश टाकतात तेव्हा पोरं विचारतात की पोटॅशिअम एवढा जहाल तर पिकाला चालतो कसा. गोणीत धातू पोटॅशिअम नसतो, KCl सारखं क्षार असतं, तिथं पोटॅशिअमने आपला इलेक्ट्रॉन आधीच देऊन टाकलेला असतो, त्यामुळे तो जहालपणा संपलेला असतो. धातू पोटॅशिअम गोणीत भरला तर पहिल्या दमट दिवशीच पेटेल, म्हणून प्रयोगशाळेत तो केरोसीनमध्ये बुडवून ठेवतात.

९. पहिल्या गणात खाली जाताना अभिक्रियाशीलता वाढते आणि हॅलोजनमध्ये कमी होते, हे उलटं कसं?

उलटं दिसतं, कारण दोघांचं काम उलटं आहे. पहिल्या गणातल्याला एक इलेक्ट्रॉन द्यायचाय, अणू जेवढा मोठा तेवढं देणं सोपं, म्हणून लिथिअमपेक्षा पोटॅशिअम तापट. हॅलोजनला, म्हणजे गण १७ ला, एक इलेक्ट्रॉन घ्यायचाय, अणू जेवढा लहान तेवढं केंद्रक बाहेरून येणाऱ्याच्या जवळ, म्हणून फ्लोरीन सगळ्यात अभिक्रियाशील आणि आयोडीन सगळ्यात मवाळ. पुरावा पाहिजे असेल तर विस्थापन अभिक्रिया आठवा: पोटॅशिअम ब्रोमाइडच्या द्रावणात क्लोरीन वायू सोडला तर क्लोरीन ब्रोमीनला हाकलून स्वतः जागा घेतो. पोटॅशिअम क्लोराइडमध्ये ब्रोमीन घातला तर काही होत नाही.

हॅलोजनची अवस्था पण क्रमाने बदलते, फ्लोरीन आणि क्लोरीन वायू, ब्रोमीन द्रव, आयोडीन स्थायू. हे कक्ष तापमानाला, आणि पुस्तकातलं कक्ष तापमान म्हणजे २५ अंशाच्या आसपास. जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात, पारा ४४ ला असताना, कपाटातली यादी थोडी बदलते: गॅलिअम ३० अंशाच्या जरा अलीकडे वितळतो आणि सीझिअम २८.४ अंशाला, म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात दोन्ही धातू नुसते ठेवल्या ठेवल्या पातळ होतील. पेपरात मात्र कक्ष तापमानाला द्रव असलेला धातू विचारला तर पारा आणि अधातू विचारला तर ब्रोमीन, खान्देशचा उन्हाळा तिथं सांगत बसू नका.

१०. संयुजा आणि संयुजा इलेक्ट्रॉन एकच ना?

नाही. संयुजा इलेक्ट्रॉन म्हणजे बाहेरच्या कवचात जेवढे आहेत तेवढे, संयुजा म्हणजे त्यातले किती द्यायचे किंवा अष्टकाला किती कमी पडतात. चारपर्यंत दोन्ही आकडे सारखे येतात, त्यामुळे फरक लक्षात येत नाही. क्लोरीनला संयुजा इलेक्ट्रॉन ७ पण संयुजा १, गंधकाला ६ आणि २. तिसऱ्या आवर्तात संयुजा १, २, ३, ४, ३, २, १, ० अशी चढून उतरते, संयुजा इलेक्ट्रॉन मात्र १ पासून ८ पर्यंत सरळ चढतात. गणात दोन्ही तेच राहतात. फॉस्फरस PCl₅ मध्ये ५ संयुजा दाखवतो हे खरं, पण ते अकरावीत.

११. हायड्रोजन नेमका कुठं?

आधुनिक सारणीत गण १ मध्ये, कारण बाहेर एक इलेक्ट्रॉन. पण तो धातू नाही, आणि हॅलोजनसारखा एक इलेक्ट्रॉन घेऊन कवच पूर्ण पण करू शकतो, H₂ असा द्विअणू रेणू पण बनवतो. दोन्हीकडे थोडाथोडा जुळतो, पूर्ण कुठंच नाही. मेंडेलीव्हलाही त्याची जागा नक्की करता आली नव्हती. दोन साम्यं गण १ शी, दोन गण १७ शी लिहिली की उत्तर पूर्ण.

१२. आवर्तात आकार कमी होतो तर सगळ्यात लहान गण १८ चा असला पाहिजे, पण नेटवर तर अरगॉन क्लोरीनपेक्षा मोठा दाखवतात?

दोघं खरे, पण मोजमाप वेगळं. क्लोरीनची ९९ ही त्रिज्या Cl₂ रेणूतल्या दोन जोडलेल्या अणूंमधल्या अंतराच्या निम्मी आहे. अरगॉन कुणाशी जोडलाच जात नाही, त्यामुळे त्याची त्रिज्या बऱ्याच तक्त्यांत नुसत्या शेजारी टेकलेल्या अणूंवरून घेतात, ती साहजिकच मोठी येते. वेगळ्या मापाने मोजलेले आकडे शेजारी ठेवून तुलना करायची नसते. कल सांगताना गण १ ते १७ पर्यंतच बोला.

१३. हे कल कधी चुकतात का?

चुकतात, आणि एक उदाहरण तर आपल्या ओळखीचं आहे. गण १३ मध्ये अ‍ॅल्युमिनिअमची त्रिज्या १४३, त्याच्या खालच्या गॅलिअमची १३५. एक कवच वाढलं तरी अणू लहान! कारण प्रश्न ४ मध्ये बसलंय. अ‍ॅल्युमिनिअमपासून गॅलिअमपर्यंत येताना मध्ये स्कँडिअम ते जस्त ही दहा मूलद्रव्यं घुसली, म्हणजे केंद्रकात दहा प्रोटॉन जास्तीचे आले, आणि त्यांच्यासोबत आलेले दहा इलेक्ट्रॉन आतल्या तिसऱ्या कवचात गेले. हे डी-खंडाचे इलेक्ट्रॉन केंद्रकाची ओढ नीट अडवत नाहीत, त्यामुळे बाहेरच्या इलेक्ट्रॉनना जास्त ओढ लागते आणि कवच वाढल्याचा फायदा पुसला जातो. प्रश्न ६ मधला ‘आतले इलेक्ट्रॉन ओढ अडवतात’ हा हिशोब इथं कमी पडतो.

असंच खाली गण ४ मध्ये झिर्कोनिअम १६० आणि हाफ्निअम १५९, मध्ये लँथॅनाइडची १४ मूलद्रव्यं आल्यामुळे आकार वाढलाच नाही. दोघं गुणधर्मांत इतके सारखे की झिर्कोनिअमच्या खनिजात हाफ्निअम लपून बसला होता आणि तो १९२३ पर्यंत सापडला नाही.

दहावीच्या पेपरात हे अपवाद विचारत नाहीत. ‘गणात वरून खाली अणुत्रिज्या वाढते’ हेच लिहायचं, आणि उदाहरण देताना गण १ घ्या, गण १३ नको.